भाता किती चालवावा



गुरुजींच्या स्मृतिदिनी बोलण्यासाठी विषय कळवा, असा संयोजकांचा फोन आला तेव्हा मी एक पत्र लिहीत होते. ते माझ्या सकाळच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी होतं. वेगळं व्याख्यान तयार करण्यापेक्षा तेच आज तुमच्यापुढे वाचावं, असं मला वाटलं. कारण त्यातली अर्धी शिकवण गुरुजींची आहे, आणि उरलेली अर्धी मला ज्या प्रसंगातून मिळाली त्यात चूक माझी होती.

तो प्रसंग आधी सांगते. गेल्या श्रावणात बावन्न वर्षांच्या एक बाई वर्गात नव्याने आल्या. आधी दुसरीकडे शिकल्या होत्या. ‘मी रोज हजार कपालभाती करते,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी त्यांना पुढे काही विचारलं नाही आणि रांगेत बसू दिलं. वर्गात तेव्हा तीसेक माणसं होती. मी दुसऱ्या टोकाला एकाची पाठ सरळ करत होते. इतरांची आवर्तनं संपली तरी या बाईंची कपालभाती चालूच होती. चार मिनिटांनी त्यांच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. मग हाताची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात ओढला गेला. त्यांना वाटलं, अर्धांगाचा झटका आला. आणि शेजारची एक विद्यार्थिनी त्यांना धीर देत म्हणत होती, ‘घाबरू नका, शुद्धी होतेय, चालू ठेवा.’

मी धावत जाऊन त्यांना थांबवलं. भिंतीला टेकवून बसवलं आणि तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायला सांगितला. दहा मिनिटांत बोटं सुटली. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या ठीक निघाल्या. पण घरी आल्यावर ‘चालू ठेवा’ हे दोन शब्द माझ्या मनातून जाईनात. तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईच्या वर्गात असा सल्ला दिला गेला, याचा अर्थ माझ्या शिकवण्यात काहीतरी राहून गेलं होतं. ते भरून काढण्यासाठी हे पत्र लिहिलं.

प्रिय विद्यार्थ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

कपालभाती आणि भस्त्रिका या दोन जोरकस क्रियांबद्दल तुम्ही मला नेहमी एकच प्रश्न विचारता : किती करायच्या? कोणी पाचशे म्हणतं, कोणी पंधरा मिनिटं म्हणतं. आजवर मीही आकडा सांगून मोकळी होत असे. आज आकड्यामागचं कारण सांगते. ते एकदा कळलं की आकडा तुमचा तुम्हाला सापडेल.

सुरुवात ग्रंथापासून करू. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत या दोन क्रिया एका जागी नाहीत. कपालभाती धौती, बस्ती, नेती यांच्या रांगेत, म्हणजे षट्कर्मांत आहे. ती प्राणायामाच्या आधीची सफाई आहे. शिवाय ही षट्कर्मं ज्यांच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्यांच्यासाठी सांगितली आहेत, इतरांना त्यांची गरज नाही असंही तिथे म्हटलं आहे. भस्त्रिका मात्र आठ कुंभकांपैकी एक आहे. दोन्ही ठिकाणी उपमा एकच, लोहाराच्या भात्याची. आणि दोन्ही ठिकाणी संख्या दिलेली नाही. भस्त्रिकेपुरती ग्रंथकाराने एक खूण दिली आहे. अंगाला थकवा जाणवला की भाता थांबवायचा आणि उजव्या नाकपुडीने श्वास भरून घ्यायचा. म्हणजे ज्यांनी ही क्रिया लिहून ठेवली त्यांनी मर्यादा मोजली ती थकव्याने. चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी, कान-डोळ्यांची दुखणी होतात, हा इशाराही त्याच ग्रंथात आहे. सावध राहायला सांगणं हे कोण्या भित्र्या शिक्षिकेचं खूळ नाही, ती परंपरेचीच शिकवण आहे.

आता थकव्याच्या आधी शरीरात काय घडतं ते पाहू.

जोरात श्वास घेतला की जास्त प्राणवायू मिळतो, असं आपण समजतो. पण निरोगी माणूस शांत बसलेला असतानाही त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूने जवळजवळ पूर्ण, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के भरलेलंच असतं. भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही. जोरकस श्वासाने खरा फरक पडतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. तो भराभर बाहेर जातो. आपण त्याला टाकाऊ वायू समजतो, पण रक्ताची आम्लता सांभाळण्यात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या किती उघड्या राहाव्यात हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. तो घटला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्याचा रक्तातला दाब निम्म्यावर आला तर मेंदूचा रक्तपुरवठाही निम्म्याजवळ येऊ शकतो. डोकं हलकं वाटणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, कानात आवाज येणं हे सगळं त्यातून येतं. त्याच वेळी रक्त अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. मग नसा उगाच उत्तेजित होतात, ओठांना-बोटांना मुंग्या येतात आणि पुढे बोटं आखडतात. आपल्या वर्गात त्या ताईंना झालं ते हेच. त्यात शुद्धी नव्हती, शक्तीची जागृतीही नव्हती. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर गेला होता, एवढंच.

मग प्रश्न येतो, कपालभाती करणाऱ्या प्रत्येकाला हे का होत नाही? याचं उत्तर झटक्याच्या आकारात आहे. इथे थोडं गणित मांडते.

नाकापासून फुफ्फुसांच्या बारीक नळ्यांपर्यंतची वाट साधारण दीडशे मिलिलिटर हवेची आहे. या वाटेतल्या हवेची रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. ओसरीवरूनच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखी ती घरात न शिरता माघारी जाते. आपण शांत बसलो असताना एका श्वासात सुमारे पाचशे मिलिलिटर हवा घेतो, मिनिटाला बारा वेळा. त्यातले दीडशे ओसरीवरचे वजा केले तर साडेतीनशे उरतात. बाराने गुणलं की मिनिटाला सव्वाचार लिटरच्या आसपास हवा आत जाऊन काम करते. शरीराला तेवढीच पुरते.

आता नीट केलेली कपालभाती घ्या. ओटीपोटाचा छोटा झटका, त्यात साधारण दोनशे मिलिलिटर हवा बाहेर. दीडशे वजा केले, उरले पन्नास. मिनिटाला साठ झटके धरले तर तीन लिटर. म्हणजे झटके साठ झाले तरी आतली देवाणघेवाण शांत श्वासापेक्षा फार वेगळी नाही. आता त्या ताईंची कपालभाती घ्या. मिनिटाला शंभर झटके, प्रत्येक झटक्याला खांदे उचलून पाचशेभर मिलिलिटर हवा. साडेतीनशे गुणिले शंभर म्हणजे पस्तीस लिटर, गरजेच्या आठपट. आणि त्या वेळी शरीर तर बसलेलंच असतं. धावताना आपण इतका श्वास घेतो तेव्हा स्नायू कार्बन डायऑक्साइड तयारही करत असतात, म्हणून तोल राहतो. इथे तयार होणं तेवढंच राहतं आणि बाहेर जाणं आठपट होतं. हा हिशेब ढोबळ आहे, माणसागणिक आकडे बदलतील. पण धोका झटक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या आकारात आणि वेगात आहे, हे त्यातून दिसतं.

म्हणून कपालभाती शिकताना पहिलं काम झटका लहान ठेवणं. बेंबीखाली तळवा ठेवा. उच्छ्वासाच्या वेळी पोट आत जावं आणि लगेच सैल सुटावं. श्वास आपण घ्यायचा नाही, तो आपोआप येऊ द्यायचा. समोर आरसा ठेवलात तर खांदे, गळा आणि चेहरा स्थिर दिसले पाहिजेत. खांदा उडाला, नाकपुड्या आक्रसल्या किंवा आत येणाऱ्या श्वासाचाही आवाज यायला लागला, तर ती कपालभाती राहिली नाही. तुम्ही नकळत भस्त्रिका करू लागलात.

पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तासांनी. सेकंदाला एक झटका, त्याहून जलद नको. पहिल्या आठवड्यात अकरा झटक्यांची तीन आवर्तनं. दोन आवर्तनांमध्ये किमान एक मिनिट नुसतं बसायचं, श्वासाकडे पाहत. दर आठवड्याला प्रत्येक आवर्तनात अकरा वाढवायचे, तेही आधीच्या आठवड्यात एकही तक्रार नसेल तरच. पाचव्या आठवड्यात पंचावन्नवर आलात की आपल्या वर्गाची हद्द संपली. तीन आवर्तनं मिळून तीन मिनिटांच्या आतच क्रिया होते. त्यापुढे जायचं असेल तर माझ्यासमोर, एकेकट्याने, आणि रक्तदाब तपासूनच.

आवर्तन संपल्यावर पोटाचा भाता थांबतो आणि काही क्षण श्वास घ्यावासाच वाटत नाही. पुष्कळांना तो अनुभव फार आवडतो, ते त्याला सिद्धी समजतात. श्वास घेण्याची हाक मुख्यतः कार्बन डायऑक्साइड देतो, आणि तो कमी झाल्यामुळे हाक उशिरा येते, एवढाच त्याचा अर्थ. तो विराम आपोआप आला तर येऊ द्या, आपोआप गेला तर जाऊ द्या. तो धरून ठेवू नका.

याच कारणाने एक गोष्ट कडकपणे सांगते. विहिरीत, नदीत किंवा तलावात उतरण्याआधी भस्त्रिका किंवा जोरजोराचे श्वास कधीही घेऊ नका, आणि मुलांनाही घेऊ देऊ नका. पाण्याखाली जास्त वेळ राहायचं म्हणून पोरं हे करतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, फक्त श्वासाची हाक उशिरा येते. हाक येण्याआधीच प्राणवायू संपतो, शुद्ध हरपते, आणि कुणाला काही कळायच्या आत माणूस बुडतो. चांगले पोहणारेही असे गेले आहेत.

भस्त्रिकेत श्वास आणि उच्छ्वास दोन्ही जोराचे, दोन्ही मोठे. म्हणजे वरच्या हिशेबातले पस्तीस लिटर तिथे चुकून होत नाहीत, ती क्रियाच तशी आहे. म्हणून तिची हद्द खूप जवळ आहे. तीन महिने कपालभाती नीट जमल्यावर दहा श्वासांचं एक आवर्तन, मग दोन मिनिटं विश्रांती, आणि अशी तीन आवर्तनं पुरेत. घरी एकट्याने, उभ्याने, किंवा गच्चीच्या कठड्याजवळ नको. चक्कर आली तर जमिनीवर बसलेला माणूस नुसता आडवा होतो, उभा असलेला पडतो.

काहींनी या दोन्ही क्रिया मुळीच करू नयेत. गरोदर स्त्रिया. हर्निया असलेले, किंवा ज्यांची पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे असे. कारण प्रत्येक झटक्याला पोटातला दाब वाढतो. काचबिंदू किंवा डोळ्यांच्या पडद्याचा आजार असलेले. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, किंवा पूर्वी पक्षाघात झालेले. आणि अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे रुग्ण. मेंदूचा आलेख काढताना रुग्णाला मुद्दाम तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, कारण त्याने मेंदूतली लपलेली बिघडलेली लय वर येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली जे तपासणी म्हणून करतात, ते घरी सतरंजीवर बसून व्यायाम म्हणून करायचं नाही. या सगळ्यांसाठी साधा, सावकाश अनुलोम-विलोम आहे, श्वास न रोखता. त्यात कमीपणा काही नाही. आणि कुठल्याही क्रियेच्या भरवशावर रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी स्वतःहून बंद करू नका.

आता थांबण्याच्या खुणा. डोकं हलकं वाटणं, ओठांना किंवा बोटांना मुंग्या, कानात आवाज, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, लय मोडणं. यातली एकही दिसली की तिथेच थांबा, आवर्तन पूर्ण करण्यासाठीही पुढे जाऊ नका. तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्या. कागदी पिशवी तोंडाला लावण्याचा जुना उपाय घरी करू नका. त्रास दुसऱ्या कशाचा असेल तर त्याने घात होऊ शकतो. साध्या त्रासाला काही मिनिटांत उतार पडतो. पण छातीत एका बाजूला अचानक टोचल्यासारखी कळ येऊन दम लागला, छातीत दाब वाटला, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, किंवा बोलणं अडखळू लागलं, तर योगशिक्षिकेला फोन करू नका, सरळ दवाखान्यात जा. २००४ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात कपालभातीनंतर फुफ्फुसाबाहेर हवा साचल्याची नोंद छापून आली होती. रुग्ण होती एकोणतीस वर्षांची, एरवी निरोगी स्त्री. असं क्वचितच घडतं. पण क्वचित घडणारी गोष्ट ओळखता आली नाही तर तीच जीवावर बेतते.

आपल्या ताईंचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचारत होता. त्यांच्या संमतीने सांगते. पंधरा दिवस त्यांनी फक्त पोटावर हात ठेवून शांत श्वास पाहिला. त्यात असं लक्षात आलं की त्यांचं पोट श्वास घेताना आत जायचं आणि सोडताना फुगायचं, म्हणजे सगळं उलटं. हजार कपालभाती त्यांनी वर्षभर अशाच छातीने आणि खांद्याने केल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात अकरा झटके सुरू केले. पहिल्या दिवशी सहाव्या झटक्याला खांदा उडाला, तेव्हा आम्ही पाचावरच थांबलो. दोन महिन्यांनी त्या तेहतीसवर आल्या आणि आजही तिथेच आहेत. मुंग्या पुन्हा आल्या नाहीत. ‘हजारात मला काही कळत नव्हतं, तेहतीसमध्ये प्रत्येक झटका कळतो,’ असं त्या म्हणाल्या.

तुमची,
बाई

पत्र इथे संपतं. आता गुरुजींबद्दल थोडं.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहता येतात आणि पाहाव्यात, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिलं. गुरुजींचा पिंड त्या परंपरेत घडला. त्यांच्याकडे यंत्रं नव्हती, पण मोजण्याची सवय होती. एखाद्याचं आवर्तन संपलं की ते म्हणत, ‘आता मनाच्या श्लोकांतला एक श्लोक म्हणून दाखव.’ चारही चरण सहज, धाप न लागता म्हणता आले तर पुढचं आवर्तन. मध्येच श्वास तुटला तर त्या दिवसापुरती क्रिया बंद. लहानपणी मला ती शिस्त वाटायची. आज कळतं की ती तपासणी होती. ज्याला मर्यादा ओलांडल्याचं स्वतःला कळत नाही, त्याचं बोलणं ते बाहेर दाखवतं.

त्यांनी मला संख्या वाढवताना कधी शाबासकी दिली नाही. शाबासकी मिळाली ती एकदाच. कपालभाती करताना डोकं हलकं वाटलं, तेव्हा मी इतर सगळे चालू असताना मध्येच थांबले होते. त्या दिवशी वर्ग संपल्यावर ते म्हणाले, ‘आज तुला प्राणायाम कळायला लागला.’ श्रावणातल्या त्या सकाळी माझ्या वर्गात हेच वाक्य कुणाच्या तोंडी असायला हवं होतं. ते तिथे नव्हतं, याला जबाबदार मी.

इथे बसलेल्यांपैकी अनेकजण शिकवतात. त्यांना माझी विनंती आहे. नवीन माणूस आला की किती करता हे विचारू नका, कसं करता ते पाहा. आजार कुठले, शस्त्रक्रिया कुठली, गोळ्या कुठल्या, हे विचारून लिहून ठेवा. समूहाला एका सुरात झटके मारायला लावू नका; तीस माणसांची फुफ्फुसं आणि तीस माणसांचे रक्तदाब एका तालावर चालत नसतात. आणि जे शिकतात त्यांना सांगते : उद्या सकाळी सतरंजीवर बसाल तेव्हा हात पोटावर ठेवा, अकरा झाले की थांबा, आणि एक श्लोक म्हणून पाहा. शेजाऱ्याची बोटं आखडताना दिसली तर त्याला ‘चालू ठेवा’ म्हणू नका. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवा.